पार्सल पोचलं, हे आधी लिहा

टपालाने भेट पाठवणाऱ्याचा जीव पार्सलमध्ये अडकलेला असतो. स्पीड पोस्टच्या पावतीवरचा क्रमांक टाकला की वाटप झाल्याचं कळतं. पण ते वॉचमनच्या टेबलाखाली पडलंय की घरात आलंय, आतली वस्तू धड आहे का, हे कळत नाही. म्हणून आभाराच्या ईमेलमध्ये आधी पोच द्यावी, कौतुक मागाहून.

समजा, साताऱ्याला राहणाऱ्या, आईच्या मावसबहिणीने बंगळुरूला तुमच्या तान्ह्या मुलीसाठी गोधडी पाठवली. तुमची भेट लग्नकार्यातच व्हायची, म्हणून मावशी असली तरी ‘तुम्ही’. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आभार मानले, तर ‘आम्हाला नाही पाठवलं’ असं कुणाला तरी वाटणारच. त्यापेक्षा ईमेल बरा. तो असा लिहिता येईल:

विषय: बाळाची गोधडी मिळाली

ती. मावशी,
सा. न.

तुम्ही पाठवलेलं पार्सल आज दुपारी मिळालं. वरचं कापड एका कोपऱ्याला भिजलं होतं, पण आत प्लास्टिक असल्यामुळे गोधडी कोरडी आहे. मधला हिरवा तुकडा आजीच्या इरकली लुगड्याचा, हे आईने पाहताक्षणी ओळखलं. आतली बाजू जुन्या सुती साडीची आहे, त्यामुळे बाळाला जराही टोचत नाही. आज ती तिच्यावरच झोपली. फोटो जोडला आहे. एवढे टाके हाताने घातलेत, मनापासून आभार. काकांना नमस्कार.

तुमची भाची

यात ‘खूप सुंदर’ हे शब्द कुठेच नाहीत. लुगड्याचा तुकडा आणि सुती अस्तर यांचा उल्लेख आला, की गोधडी नीट उलगडून पाहिली हे मावशींना कळतं. ‘कशाला एवढा त्रास घेतलात’ हेही टाळलंय. ते वाचून पुढच्या वेळी पाठवावं की नाही, असा प्रश्न पडतो. परतभेटीचं आश्वासनही नको, नाहीतर हिशेब चुकता केल्यासारखं होतं.

वस्तू फुटली किंवा खराब झाली असेल, तर संकोचाने लपवू नका. पावती पाठवणाऱ्याकडे असते. टपाल खात्याकडे तक्रार करायची तर त्यांना वेळेत कळायला हवं. वेष्टन फेकण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा आणि नुकसान एका वाक्यात, दोष न देता लिहा.

फोटो एक-दोनच जोडा. बऱ्याच घरांत ज्येष्ठांचा ईमेल मुलाच्या मोबाइलवर येतो आणि तोच त्यांना वाचून दाखवतो. त्यामुळे मजकूर देवनागरीत आणि चारचौघांत वाचता येईल असाच ठेवा.

पार्सल उघडाल त्याच दिवशी ईमेल पाठवा. उशीर झालाच, तर सबबी न सांगता ते कधी मिळालं ती तारीख लिहा आणि पुढचा मजकूर नेहमीसारखाच ठेवा.