हाताची घडी घातलेला पहारेकरी

व्हिडिओ गेममधला एक पहारेकरी जिन्याच्या वरच्या पायरीवर हाताची घडी घालून उभा आहे. खेळाडू मागून येऊन त्याला ढकलतो. त्याचा तोल जावा, गुडघे दुमडावेत आणि गडी पायऱ्यांवरून गडगडत खाली यावा, एवढीच अपेक्षा. प्रत्यक्षात धक्का लागताक्षणी त्याचे हात गरगर फिरू लागतात, धड वर उसळतं आणि मेलेला माणूस छतावर जाऊन आपटतो. पाहणारे हसतात. गेम बनवणाऱ्यांच्या मंडळीत याला ‘रॅगडॉल फुटला’ म्हणतात, आणि तो का फुटला हे शोधण्यात संध्याकाळ जाते.

धक्का लागेपर्यंत पहारेकऱ्याचं शरीर अ‍ॅनिमेशनच्या ताब्यात असतं. कुठल्या क्षणी कोपर किती अंशांत वाकलेलं असेल हे कलाकाराने आधीच ठरवून ठेवलेलं असतं. वजन, धक्का, घर्षण यांचा तिथे संबंध नाही. धक्का लागला की ताबा भौतिकीच्या इंजिनाकडे जातो. युनिटीमधला तयार रॅगडॉल घेतला, तर शरीराचे अकरा तुकडे होतात: कंबर, छाती, डोकं, दोन मांड्या, दोन पोटऱ्या, दोन दंड आणि हाताचे पुढचे दोन भाग. प्रत्येकाला वस्तुमान असतं, भोवती टक्कर ओळखणारा साधा आकार असतो आणि शेजारच्या तुकड्याशी त्याला सांधा जोडतो. इतका वेळ या तुकड्यांवर `isKinematic` ही खूण असते, म्हणजे इंजिनाने त्यांना हलवायचं नाही. अ‍ॅनिमेशन बंद करून ती खूण काढली की हस्तांतर झालं.

पण खूण काढल्यावर तुकड्यांचा वेग शून्य असतो. अ‍ॅनिमेशनने हाडं नुसती जागोजागी नेऊन ठेवलेली असतात, त्यामुळे ती वेगात होती हे इंजिनाला ठाऊकच नसतं. म्हणून धावता धावता गोळी लागलेला माणूस हवेत थबकतो आणि सरळ खाली पडतो. उपाय असा की मागच्या फ्रेममधली प्रत्येक हाडाची जागा लक्षात ठेवायची, आताच्या जागेतून ती वजा करायची, मधल्या वेळाने भागायचं आणि येणारा वेग त्या तुकड्याला द्यायचा. फिरण्याचा वेगही तसाच काढायचा.

२००० साली आलेल्या ‘हिटमॅन: कोडनेम ४७’ या डॅनिश गेममध्ये देह ओढून नेता येत. त्याचं भौतिकी लिहिणारे थॉमस याकोबसेन यांनी २००१ मध्ये ती पद्धत मांडली. तिच्यात वेग साठवायचाच नसतो, फक्त आताची आणि आधीची जागा ठेवायची. त्यामुळे अ‍ॅनिमेशनच्या शेवटच्या दोन फ्रेम दिल्या की वेग आपोआप चालत येतो. मला ही युक्ती अजूनही आजच्या पुष्कळ यंत्रणांपेक्षा देखणी वाटते.

आता पहारेकऱ्याकडे वळू. त्याची घडीच घात करते. कलाकाराच्या दृष्टीने हात छातीवर टेकलेले आहेत. इंजिनाच्या दृष्टीने मात्र हाताभोवतीचा आकार छातीच्या आकारात, समजा, १० सेंटिमीटर घुसलेला आहे. अ‍ॅनिमेशन चालू असताना त्याची कुणी दखल घेत नाही. ताबा मिळताच इंजिन दोन घन वस्तू एकमेकींत असलेल्या पाहतं आणि त्यांना वेगळं करायला निघतं. त्याचं एक पाऊल साधारण ०.०२ सेकंदाचं. १० सेंटिमीटर एका पावलात भरून काढायचे म्हणजे सेकंदाला ५ मीटर वेग. तेवढ्यात कोपराचा सांधा हाताला परत ओढतो, हात पुन्हा छातीत शिरतो आणि पुन्हा ढकलला जातो. प्रत्येक फेरीत कुठूनही न आलेली ऊर्जा शरीरात भरत जाते.

कोपराचं प्रकरण वेगळंच. युनिटीच्या तयार रॅगडॉलमध्ये कोपर ९० अंशांपर्यंतच वाकतं. खऱ्या माणसाचं सुमारे १४५ अंशांपर्यंत वाकतं. घडी घालताना ते १२० अंशांवर असेल, तर पहिल्याच क्षणी मर्यादा ३० अंशांनी मोडलेली असते. ती एका पावलात दुरुस्त करायची म्हणजे सेकंदाला १,५०० अंश, चार फेऱ्यांहून जास्त. गरगरण्याचं मूळ इथे आहे. इंजिन फिरण्याच्या वेगाला वरून टोपण घालत असलं, तरी झटका बसायचा तो बसतोच.

यातलं कुठलं कारण लागू आहे हे डोळ्यांनी कळत नाही. म्हणून आधी गुरुत्वाकर्षण बंद करून, हात पसरलेल्या मूळ स्थितीतून रॅगडॉल सुरू करावा. तिथे तो शांत राहिला आणि घडीतून सुरू केल्यावर फुटला, तर दोष त्या स्थितीत आहे. मग सगळे तुकडे एकाच लेअरवर टाकून त्या लेअरची स्वतःशी होणारी टक्कर बंद करावी. उसळी थांबली तर आकार एकमेकांत होते. चालूच राहिली तर सांध्यांच्या मर्यादा तपासाव्यात. टक्करीचे आकार काढून टाकून ही चाचणी करू नये, कारण युनिटी तुकड्याचं जडत्व त्या आकारावरूनच काढतं आणि मग प्रयोगच बदलतो. आणखी एक ठरलेला चोर: पात्राला चालवणारी मोठी अदृश्य कॅप्सूल. ती बंद करायची राहिली की अकराच्या अकरा तुकडे तिच्या पोटात सापडतात.

आमच्या पहारेकऱ्यावर इलाज दोन्ही बाजूंनी करावा लागतो. कोपराची मर्यादा १४० अंशांपर्यंत वाढवायची. उलट्या बाजूला मात्र शून्यावरच ठेवायची, नाहीतर पडलेल्या माणसाचा हात मोडल्यासारखा दिसतो. हे अंश सांधा चालू झाला त्या क्षणाच्या स्थितीपासून मोजले जातात. त्यामुळे पात्र घडीत उभं असताना सांधे नव्याने तयार केले, तर घडी हीच शून्य ठरते आणि आकडे बरोबर असूनही हात भलतीकडे वळतो. सांधे मूळ स्थितीतच बांधून ठेवावेत. टक्करीसाठी, हस्तांतराच्या क्षणी जे तुकडे एकमेकांत घुसलेले असतील तेवढ्याच जोड्यांची टक्कर बंद करायची आणि ते सुटे झाले की पुन्हा चालू करायची. शिवाय `maxDepenetrationVelocity` सेकंदाला एखाद्या मीटरवर आणली, की उरलेसुरले तुकडे उसळण्याऐवजी हळूच बाजूला सरकतात.

एवढं झाल्यावर पहारेकरी व्यवस्थित गडगडतो, पण खाली पडल्यावर त्याचे हात थरथरत राहतात. हा स्फोट नव्हे, हे वजनांचं दुखणं. इंजिन सगळे सांधे एकदम सोडवत नाही. एकेक घेऊन दुरुस्त करतं आणि तशा ठरावीक फेऱ्या मारतं. युनिटीत मुळात सहा. चादरीची एक सुरकुती काढावी तर दुसरीकडे पडते, तसं चालतं. जोडलेल्या दोन तुकड्यांत दुपटीचा फरक त्याला झेपतो. दहापट झाला की सहा फेऱ्यांत हिशेब जुळत नाही आणि उरलेली चूक थरथरीत दिसते. म्हणून छातीला खऱ्या माणसाइतकं वजन आणि हाताला खऱ्या हाताइतकं, हा प्रामाणिकपणा इथे नडतो. हात जड करावेत, धड हलकं करावं. शरीरशास्त्राच्या दृष्टीने ते खोटं असतं, पडद्यावर कुणाला कळत नाही. फेऱ्या दहा ते वीस केल्या तरी फरक पडतो, पण एकाच वेळी तीस पहारेकरी पडणार असतील तर त्याचा भार प्रोसेसरवर येतो. अशा वेळी देह काही क्षण जवळजवळ स्थिर राहिला की त्याच्यावर `isKinematic` ची खूण परत लावून टाकतात.