बुल कॉल स्प्रेड आणि साधा कॉल: फायदा कुठे, तोटा किती

बुल कॉल स्प्रेडमध्ये एक कॉल ऑप्शन विकत घेतला जातो आणि त्याच वेळी वरच्या स्ट्राइकचा दुसरा कॉल विकला जातो. दोन्ही एकाच निर्देशांकाचे किंवा शेअरचे आणि एकाच एक्सपायरीचे असतात. बाजार वर जाईल, पण फार मोठी उसळी घेणार नाही, असा अंदाज असलेल्यांसाठी हा व्यवहार आहे.

उदाहरण निफ्टीचे घेऊ. समजा, निफ्टी २५,००० वर आहे. २५,००० चा कॉल २२० रुपयांना मिळतो आणि २५,३०० चा कॉल ९० रुपयांना विकता येतो. नुसता पहिला कॉल घेतला, तर प्रत्येक युनिटमागे २२० रुपये जातात. स्प्रेड केला, तर विकलेल्या कॉलचे ९० रुपये हाती येतात आणि खिशातून प्रत्यक्षात १३० रुपयेच जातात.

हे १३० रुपये म्हणजेच स्प्रेडचा कमाल तोटा. एक्सपायरीला निफ्टी २५,००० वर किंवा त्याखाली राहिला, तर दोन्ही कॉलची किंमत शून्य होते. मग निर्देशांक शंभर अंकांनी पडो की हजार अंकांनी, तोटा वाढत नाही. ब्रेकइव्हन, म्हणजे ना नफा ना तोटा अशी पातळी, खालच्या स्ट्राइकमध्ये हा खर्च मिळवून निघते: २५,१३०. कमाल नफा दोन स्ट्राइकमधील अंतरावर ठरतो. हे अंतर ३०० अंकांचे आहे; त्यातून १३० वजा जाता १७० उरतात. निफ्टी २५,३०० च्या वर गेला, की घेतलेल्या कॉलवर जेवढे जास्त मिळते तेवढेच विकलेल्या कॉलवर द्यावे लागते, म्हणून नफा १७० वर थांबतो.

साध्या कॉलमध्ये कमाल तोटा २२० आणि ब्रेकइव्हन २५,२२०. नफ्याला मात्र वरची मर्यादा नाही. ‘अमर्याद नफा’ या दोन शब्दांची भुरळ अनेकांना पडते. पण हा अमर्याद नफा स्प्रेडच्या पुढे नेमका कुठे जातो, हे तपासायला हवे.

एक्सपायरीला निफ्टी २५,१५० वर बंद झाला असे धरू. साध्या कॉलची किंमत १५० होते, म्हणजे ७० रुपयांचा तोटा. बाजार १५० अंक वर जाऊनही पैसे गेले. त्याच पातळीवर स्प्रेडला २० रुपयांचा नफा होतो. निफ्टी २५,३०० वर असेल, तर साधा कॉल ८० रुपये देतो आणि स्प्रेड १७०. २५,३०० पर्यंत स्प्रेड प्रत्येक पातळीवर नेमका ९० रुपयांनी सरस राहतो, कारण विकलेल्या कॉलचा प्रीमियम तेवढाच आहे. तिथून पुढे ही आघाडी अंकाअंकाने घटते आणि २५,३९० ला दोन्ही बरोबरीत येतात. थोडक्यात, वरच्या स्ट्राइकमध्ये तिचाच प्रीमियम मिळवला, की ही सीमारेषा मिळते. २५,६०० ला साधा कॉल ३८० रुपये कमावतो, स्प्रेड १७० वरच असतो. म्हणून निफ्टी एक्सपायरीला २५,३९० च्या वर असेल असा ठाम अंदाज असेल, तरच जादा ९० रुपये मोजण्यात अर्थ आहे.

ही सगळी गणिते एक्सपायरीच्या दिवसाची आहेत आणि दलाली व कर वगळून केलेली आहेत. स्प्रेडमध्ये दोन व्यवहार असल्याने हा खर्चही जास्त येतो. नवख्यांची फसगत मात्र बहुधा एक्सपायरीआधी होते. मुदत बरीच शिल्लक असताना निफ्टी २५,३०० ला पोहोचला, तरी स्क्रीनवर १७० चा नफा दिसत नाही. विकलेल्या कॉलमध्ये अजून वेळेचे मूल्य शिल्लक असते, त्यामुळे स्प्रेडची किंमत ३०० पेक्षा बरीच कमी राहते. दुसरीकडे, बाजार जागच्या जागी रेंगाळला, तर साधा कॉल रोज झिजतो. स्प्रेडमध्ये विकलेला कॉलही झिजत असल्याने ती झळ कमी बसते.

व्यवहार बंद करताना क्रमही सांभाळावा लागतो. घेतलेला कॉल आधी विकून टाकला, तर विकलेला कॉल उघडा पडतो: त्याची मार्जिन एकदम वाढते आणि तोट्यावरचे कुंपण जाते. त्यामुळे दोन्ही बाजू एकदम बंद कराव्यात, नाहीतर विकलेला कॉल आधी परत घ्यावा.

निफ्टीच्या ऑप्शनचा हिशेब रोखीत मिटतो. शेअरच्या ऑप्शनमध्ये मात्र भारतात प्रत्यक्ष शेअरची देवघेव होते. भाव दोन स्ट्राइकच्या मध्ये बंद झाला, तर घेतलेल्या कॉलपोटी शेअर घ्यावे लागतात आणि विकलेला कॉल निकामी झाल्याने ते पुढे देता येत नाहीत. तेव्हा पूर्ण लॉटची रक्कम भरण्याची तयारी नसेल, तर शेअरवरचा स्प्रेड एक्सपायरीचा बाजार बंद होण्याआधीच मोडावा.