सहा आणि दहा नंबरचा सेल

अनंत चतुर्दशीला गणपती गेले की पितृपंधरवडा लागतो आणि चपलांच्या दुकानात शुकशुकाट होतो. या दिवसांत बरीच घरं नवी खरेदी टाळतात. पुढे घटस्थापना झाली तरी चपलावाल्याची सुटका नसते, कारण नवरात्रात देवीसाठी नऊ दिवस अनवाणी राहणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. कपड्यांच्या दुकानाला घटस्थापनेपासून सुगी सुरू होते. हा बिचारा दसऱ्याकडे डोळे लावून बसतो. तोवर दिवाळीच्या मालाच्या पेट्या येऊन पडतात आणि मांडणीवर जागा मात्र पावसाळी सँडलनी अडवलेली असते.

मग काचेवर कागद चिकटतो, ‘५० टक्क्यांपर्यंत सूट’. तोच मजकूर सगळ्या गिऱ्हाइकांच्या मोबाइलवर जातो. इथेच गडबड होते.

पादत्राणांच्या हंगामाअखेरच्या मालाचा स्वभावच वेगळा आहे. शर्ट थोडा सैल चालतो, बूट चालत नाही. पुरुषांच्या पायांत सात, आठ, नऊ हे नंबर सर्वाधिक. सहा आणि दहा त्या मानाने कमी. कंपनीकडून माल मात्र ठरलेल्या सेटमध्ये येतो, त्यात कडेचे नंबर घ्यावेच लागतात. दर सेटमागे मधले नंबर आधी उडतात आणि कडेचे साचत जातात. या उरलेल्या मालाला व्यापारी ‘कट साइझ’ म्हणतात.

समजा, एका दुकानात गणपतीनंतर १,२०० रुपये छापील किमतीचे ३१ जोड उरले. त्यात सहा नंबरचे १३, दहाचे ११, सातचे ५ आणि आठ व नऊचा एकेक. दुकानदाराने हजारभर गिऱ्हाइकांना एकच संदेश धाडला. बहुतेकांचा पाय सात ते नऊमधला. ते येतात, सँडल पसंत करतात आणि ‘तुमचा नंबर संपला’ ऐकून परत जातात. ज्यांच्या पायात तो माल सहज बसला असता, ते सहा आणि दहावाले मात्र येतच नाहीत. एरवी दुकानोदुकानी ‘तुमच्या मापात नाही’ ऐकून त्यांचा सेलवरचा विश्वास कधीच उडालेला असतो.

उपाय दुकानाच्या संगणकातच असतो. बिलावर मोबाइल क्रमांकाशेजारी पायाचा नंबर नोंदलेला असेल, तर संदेश फक्त त्या लोकांना पाठवता येतो: ‘तुमचा पाय दहा नंबरचा. पावसाळी सँडल १,२०० ऐवजी ८४० रुपयांत. दहा नंबरचे ११ जोड शिल्लक. शनिवारपर्यंत किंवा माल संपेपर्यंत.’ यात ‘धमाका’ नाही, ‘नवं कलेक्शन’ नाही. नव्याचा गाजावाजा या पंधरवड्यात रुचत नाही. उरलेला माल उरलेला म्हणून सांगितला तर कुणाला खटकत नाही. (श्राद्धात छत्री आणि पादत्राणे दान देण्याची चाल जुनी आहे, महाभारताच्या अनुशासनपर्वात तिची कथा येते. पण तेवढा धागा धरून पितरांच्या नावे सेल लावणं मला तरी अभिरुचीहीन वाटतं.)

‘११ जोड शिल्लक’ हे तीन शब्द नुसतं सौजन्य नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध केंद्राने २०२२ साली मार्गदर्शक तत्त्वे काढली. पुरेसा माल नसताना स्वस्ताईचं आमिष दाखवून गिऱ्हाईक बोलावू नये आणि माल मर्यादित असेल तर तसं जाहिरातीत स्पष्ट सांगावं, असं त्यांत म्हटलं आहे.

‘माल ठेवून द्यावा, पुढच्या पावसाळ्यात विकावा’ असं कुणी म्हणेल. पण सँडलचा तळ पीयूचा, म्हणजे पॉलीयुरेथेनचा असेल तर दमट हवेत त्याचं आतून विघटन होत राहतं. खोक्यात न वापरता पडलेला जोडही काही वर्षांनी पायात घातल्यावर भुग्यासारखा सुटतो. म्हणून पंधरवड्यात ३० टक्के सोडणं दुकानदाराला परवडतं आणि म्हणूनच गिऱ्हाइकाने सूट किती यापेक्षा माल किती जुना हे आधी बघावं. खोक्यावरच्या किमतीच्या लेबलवर महिना आणि वर्ष छापलेलं असतं. जोड दोन-तीन वर्षांपूर्वीचा निघाला तर तळ वाकवून पाहा. बारीक भेगा दिसल्या किंवा कड नखाने खरवडली जात असेल तर तो फुकटातही घेऊ नका.

कट साइझमध्ये नंबर बदलून मिळत नाही, कारण दुसरा नंबर दुकानात नसतोच. हे संदेशातच लिहिलेलं बरं, नाहीतर गल्ल्यापाशी वाद ठरलेला. पण सदोष मालाची गोष्ट वेगळी. बिलावर मुदत दिलेली नसेल तर सदोष वस्तू ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते, मग ती सेलमध्ये घेतलेली का असेना. तेव्हा बिल जपून ठेवा.