टेम्पोचा विमा घेताना हप्त्याआधी काय पाहावे?

समजा, नाशिकहून वाशी बाजारात द्राक्षे नेणारा ७,४९० किलो एकूण वजनमर्यादेचा टेम्पो आहे. चालकाकडे हलक्या वाहनाचाच परवाना आहे. ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहन त्यावर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले. त्याहून मोठ्या ट्रकला मात्र वेगळा परवाना लागतो.

पॉलिसीत पगारी चालकाची जबाबदारी नोंदलेली आहे का, ते पाहा. मालकाचा वैयक्तिक अपघात विमा चालकाला लागू होत नाही.

खरा घोळ परतीच्या रिकाम्या फेरीत होतो. कुणीतरी वऱ्हाडाची माणसे मागे बसवतो आणि गाडी उलटते. मालासोबतचा शेतकरी किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी कायद्याने संरक्षित आहे, हे प्रवासी नाहीत. त्यांची भरपाई बहुधा मालकाच्याच अंगावर येते. ‘जरा पुढे सोडतो’ हे चालकाला ठामपणे बंद करायला सांगाच.

३,००० किलोपेक्षा जास्त एकूण वजनाच्या मालवाहनाला परमिट लागते. ते नसताना अपघात झाल्यास कंपनी तिऱ्हाइताला पैसे देऊन ते मालकाकडून वसूल करू शकते. म्हणून परमिटची मुदत पॉलिसीच्या मुदतीशेजारीच लिहून ठेवा.