श्रावणातली गल्ली, मार्गशीर्षातले गवत

वाईतल्या एका गल्लीचा माझा फोटो ऑगस्टमधला आहे. दोन्ही बाजूंना जुनी घरे, एका घराला हिरव्या रंगाची लाकडी खिडकी, कडेला गवत, मध्ये एक आंबा आणि मागे हिरवागार डोंगर. हाच फोटो डिसेंबरचा दिसावा, पण घरांचा एक ठिपकाही बदलू नये, असे मला हवे होते.

फोटोशॉपमध्ये पहिली चूक बहुतेकांची एकच होते. Hue/Saturation उघडून Greens निवडायचे आणि पट्टी सरकवायची. गवत जेमतेम हलते. कारण आपल्याला हिरवे दिसणारे गवत फोटोत बरेचसे पिवळ्याकडे झुकलेले असते. म्हणून आधी Yellows घ्यावे. माझ्या फोटोत तिथे उणे २० आणि Greens मध्ये उणे ४५ पुरले. याहून पुढे गेलात, तर गवत विटकरी होते आणि परदेशातल्या पानगळीसारखे दिसू लागते.

रंग जमला तरी गवत मळकट वाटत होते. हिरव्या पानातले हरितद्रव्य तांबडा प्रकाश शोषून घेते. गवत वाळले की तो परत फेकला जातो, म्हणून वाळके गवत हिरव्यापेक्षा उजळ दिसते. Curves मध्ये Red ची रेषा मधोमध थोडी वर उचलली, तेव्हा डोंगर खरोखर वाळला.

आता आंबा. सह्याद्रीत गवत सोनेरी होते, साग पाने गाळतो, पण आंबा डिसेंबरातही गर्द हिरवाच असतो. त्याला पिवळा केला, तर गावातला कुणीही माणूस फोटो खोटा आहे हे ओळखेल. त्यामुळे आंबा मास्कमध्ये काळ्या ब्रशने झाकला. हिरवी खिडकीही तशीच झाकली, कारण रंगावरून निवड करताना संगणक तिला गवतच समजतो. कौलांची कड मात्र मोठे करून पाहत हाताने रंगवावी लागते. तिथे हिरवी किनार उरते.

घरे शाबूत राहिली का, हे डोळ्यांवर सोडू नये. मूळ फोटो सर्वांत वर ठेवून त्याचा मोड Difference करावा. जिथे काही बदलले नाही, तिथे निव्वळ काळे दिसते. माझ्या फोटोत एका भिंतीच्या पायथ्याशी पुसट उजेड दिसला. मास्क तिथे भिंतीवर सांडला होता.

एक अडचण मात्र या युक्तीने सुटत नाही. ओला रस्ता, भिंतीवरचे ताजे शेवाळ आणि ढगाळ, सावली नसलेला उजेड तसाच राहतो. माझ्या फोटोत त्या दिवशी उघडीप होती, रस्ता कोरडा होता, म्हणून जमले. भर पावसातला फोटो यासाठी निवडू नका. त्याच जागी डिसेंबरात पुन्हा जाऊन फोटो काढा.