‘अपेक्षित पगार’ : एका चौकटीचा हिशोब

ऑनलाइन अर्ज भरताना नाव, शिक्षण, अनुभव हे सगळं भराभर भरून होतं आणि ‘एक्स्पेक्टेड सीटीसी’ या चौकटीपाशी हात थांबतो. आकडा जास्त टाकला तर अर्ज बाजूला पडण्याची भीती, कमी टाकला तर पुढची दोन-तीन वर्षं स्वस्तात काम करण्याची. त्यात ही चौकट बहुधा सक्तीची असते. ती भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही.

अर्ज बाजूला कसा पडतो, हे आधी पाहू. नोकरीच्या पोर्टलवर उमेदवार शोधणारा एचआर अनुभव, शहर आणि कौशल्यं यांच्यासोबत पगाराची किमान-कमाल मर्यादाही टाकू शकतो. त्याने 6 ते 8 लाख अशी चाळणी लावली, तर 9 लाख लिहिणाऱ्याचं नाव त्याच्या यादीत येतच नाही. तो उमेदवार कोणी नाकारलेला नसतो. तो कोणाला दिसलेलाच नसतो. म्हणून मागणी जाहिरातीतल्या कमाल आकड्याच्या आत ठेवणं शहाणपणाचं.

स्वतःची किंमत कमी लावली जाते ती मात्र वेगळ्याच ठिकाणी. आपला पगार म्हणजे दरमहा बँकेत जमा होणारी रक्कम, असं बहुतेकांच्या डोक्यात असतं. फॉर्म विचारतो तो सीटीसी, म्हणजे कंपनीला त्या माणसामागे वर्षाला येणारा एकूण खर्च.

समजा, पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर टेस्टरला चार वर्षांचा अनुभव आहे आणि तिचा सीटीसी 6 लाख आहे. त्यात बेसिक 2 लाख 40 हजार. बेसिकच्या 12 टक्क्यांप्रमाणे कंपनीचा पीएफचा वाटा 28,800 रुपये. ग्रॅच्युइटीसाठी 4.81 टक्क्यांनी सुमारे 11,500. कामगिरीवर मिळणारा व्हेरिएबल भाग 60 हजार. हे सगळं वजा केलं की वर्षाला जवळपास 5 लाख उरतात, महिन्याला साधारण 41,600. त्यातून तिचा स्वतःचा पीएफ 2,400 आणि व्यवसाय कर 200 रुपये गेला की बँकेत येतात सुमारे 39 हजार.

आता ती 39 हजारांना बारांनी गुणते, 4 लाख 68 हजार काढते, त्यावर 30 टक्के वाढ धरते आणि फॉर्ममध्ये 6 लाख 10 हजार लिहिते. मोठी झेप घेतल्याचं समाधान तिला मिळतं. प्रत्यक्षात तिने आहे त्याच पगारावर काम मागितलेलं असतं. तीच 30 टक्के वाढ सीटीसीवर धरली असती, तर आकडा 7 लाख 80 हजार झाला असता.

जाहिरातीत 6.5 ते 8.5 लाख लिहिलं असेल, तर तिने 8 लाख लिहावेत. बोलणी सहसा या आकड्यावरून खालीच येतात, म्हणून 7.2 लाखांच्या खाली यायचं नाही ही मर्यादा मनाशी ठरवावी आणि फॉर्ममध्ये लिहू नये. जाहिरातीत पगार दिलाच नसेल, तर ॲम्बिशनबॉक्स किंवा ग्लासडोअरवर तेच पद, तेच शहर आणि तेवढाच अनुभव पाहावा, शिवाय त्या क्षेत्रातल्या दोघा-तिघांना विचारावं. तिथले आकडे लोकांनी स्वतःहून दिलेले असतात. एखाद्याच नोंदीवर भिस्त ठेवू नये.

चौकटीत अक्षरं चालत असतील, तर ‘7.5 ते 8 लाख, पगाराच्या रचनेनुसार चर्चा करता येईल’ असं लिहिता येतं. मात्र यातला खालचा आकडाच समोरच्याच्या लक्षात राहतो, म्हणून तोही मान्य असेल असाच लिहावा. फक्त अंक चालत असतील, तर वेळ मारून नेण्यासाठी 0 किंवा 1 टाकू नये. असा अर्ज पगाराच्या चाळणीत खालच्या बाजूने गळू शकतो. एककही तपासावं: चौकट लाखांत आहे की रुपयांत, वार्षिक आहे की मासिक. रुपयांच्या चौकटीत 8 लिहिलं, तर त्याचा अर्थ आठ रुपयेच होतो.

सध्याचा पगार फुगवून सांगण्याचा मोह टाळलेलाच बरा. ऑफर देण्याआधी कंपन्या पगाराच्या स्लिपा आणि बरेचदा बँकेचं स्टेटमेंटही मागतात. तिथे तफावत दिसली की हातातली ऑफर जाते. सध्याचा पगार बाजारभावापेक्षा कमी असेल, तर तो खरा लिहावा आणि अपेक्षा मात्र पदाच्या दरानुसार ठेवावी. कारण विचारलं जाणारच, तेव्हा सध्याच्या कामाची व्याप्ती सांगता यायला हवी.

एचआरचा फोन आला की पहिल्याच बोलण्यात दोन प्रश्न विचारावेत: या आकड्यात निश्चित भाग किती, आणि व्हेरिएबल गेल्या वर्षी प्रत्यक्षात किती दिलं? 8 लाखांत 20 टक्के व्हेरिएबल असेल, तर निश्चित भाग 6 लाख 40 हजारच राहतो. आणि कोणत्या अर्जात कोणता आकडा लिहिला, हे कंपनीच्या नावासह टिपून ठेवावं. महिन्याभराने येणाऱ्या फोनवर तोच आकडा पुन्हा विचारला जातो.