‘जातो’ नको, ‘येतो’ म्हणा!

जर्नलवर सही मिळाली, आता एचओडी सरांच्या केबिनमधून बाहेर पडायचंय. काय म्हणाल? ‘चल, बाय’ मित्रापुरतं ठीक. ‘जातो’ म्हटलं तर घरातली आजीसुद्धा टोकते, कारण निरोपातलं ‘जाणं’ कायमचं वाटतं. म्हणून ‘येतो’ किंवा ‘येते’. पण सरांसमोर एकदम ‘येतो’ म्हणजे निघायचं आपणच ठरवून मोकळे! आधी ‘सर, निघू का?’ असं विचारा. ते ‘हो, ये’ म्हणाले की मग ‘येतो सर’.

खरी गडबड क्रियापदात होते. ‘सर, काळजी घे’ असं निसटलं की ‘सर’ म्हटलेलं वाया गेलं. ‘काळजी घ्या’च हवं. ‘आपण तब्येतीची काळजी घ्यावी’ हे निरोप समारंभाच्या भाषणात शोभतं, केबिनमध्ये मात्र जड वाटतं. तिथे ‘तुम्ही’ पुरे.

आणि सरच आधी निघाले तर? त्यांना ‘या सर’ म्हणा, ‘जा’ नको. नंतर कुणी विचारलं तर ‘सर घरी गेले’ असं पूर्ण सांगा. नुसतं ‘सर गेले’ ऐकून समोरचा दचकेल!